सल्ल्याची फी वेगळी, किटचं बिल वेगळं

प्रश्न: मी एमडी स्किन. कोथरूडला छोटं क्लिनिक आहे, सहा वर्षं झाली. बरेच पेशंट नोकरी किंवा शिक्षण संपलं की पुणं सोडतात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट सल्ला विचारत राहतात. पैसे घेऊन ऑनलाइन कन्सल्टेशन सुरू करावं आणि सोबत मी निवडलेल्या प्रॉडक्ट्सचं किट विकावं असं डोक्यात आहे. ‘कन्सल्टेशन + किट, १,९९९ रुपये’ असं पॅकेज ठेवलं तर चालेल का? यातून खरंच उत्पन्न मिळतं का?

नमस्कार डॉक्टर,

पॅकेज ठेवू नका. दोन्ही गोष्टी करा, पण दोन वेगळ्या किमती लावा आणि दोन वेगळी बिलं द्या. त्यातलं खरं उत्पन्न फॉलो-अपच्या फीमधून येतं, किटमधून जेमतेम चहापाणी सुटतं. किटचा फायदा दुसरीकडे आहे, तो पुढे सांगते. मी औंधला प्रॅक्टिस करते आणि हे दोन्ही प्रकार माझ्याकडे चालतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. पुणं सोडून गेलेले पेशंट खरंच किती आहेत, रिसेप्शनवर फोन आणि कुरिअर सांभाळायला विश्वासू माणूस आहे का, आणि क्लिनिकची एकूण वार्षिक जमा किती, हे तीन प्रश्न आधी स्वतःला विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जीएसटीच्या दृष्टीने फार महत्त्वाचं ठरतं. शिवाय मी जे लिहिते आहे ते नोंदणीकृत डॉक्टरसाठी आहे. हे वाचणाऱ्यांत कुणी कॉस्मेटॉलॉजी किंवा ब्यूटी थेरपीचा कोर्स केलेले असतील, तर त्यांनी त्वचेच्या निगेबद्दल सशुल्क मार्गदर्शन जरूर करावं, पण निदान आणि प्रिस्क्रिप्शनच्या वाटेला जाऊ नये. डॉक्टरच्या सल्ल्याला जीएसटीची जी सूट आहे तीही त्यांना मिळत नाही.

आता ऑनलाइन सल्ला नेमका कुणाला विकायचा ते बघू. माझं उत्तर सरळ आहे: ज्याला तुम्ही एकदा क्लिनिकमध्ये उजेडात, हात लावून पाहिलं आहे, त्याला. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना याच दिशेने जातात. त्यांत फॉलो-अपची व्याख्या दिली आहे: प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच डॉक्टरकडे, त्याच आजारासाठी. अशा पेशंटला तुम्ही चालू औषध पुढे देऊ शकता, गरज पडली तर त्यात भर घालू शकता. पूर्ण नवीन पेशंट पहिल्यांदाच ऑनलाइन आला, तर औषधांची यादी आखडते आणि व्हिडिओ लागतो. त्या यादीत त्वचेसाठी उदाहरणादाखल क्लोट्रिमाझोल, म्युपिरोसिन, कॅलामाइन, बेंझिल बेंझोएट अशी नावं आहेत. म्हणजे खरूज किंवा साधा फंगल निभावून जाईल, पण मुरमांची आणि वांगाची खरी ट्रीटमेंट त्या चौकटीत बसवणं कठीण.

कायदा बाजूला ठेवला तरी वैद्यकीय कारण पुरेसं आहे. आपल्याकडे चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणी आधी महिनोन् महिने ‘गोरं होण्याचं’ म्हणून हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड असलेलं तिहेरी मलम लावत असतात. कधी पार्लरवालीने दिलेलं, कधी मैत्रिणीचं, कधी केमिस्टने चिठ्ठी न बघता काढून दिलेलं. २०१८ मध्ये बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, तरी काउंटरवर ती मिळतातच. अशा चेहऱ्यावर बारीक लाल शिरा दिसतात, एकाच आकाराचे पुरळ असतात, गालावर लव वाढलेली असते आणि मलम थांबवलं की दोन-चार दिवसांत आग उसळते. यातली एकही खूण फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात धड दिसत नाही, कारण बहुतेक फोन चेहरा आपोआप गुळगुळीत करतात. तुम्हाला दिसतात फक्त पिंपल्स. तुम्ही त्यावर रेटिनॉइड लिहिता आणि आठवड्याभरात पेशंट भाजल्यासारखा चेहरा घेऊन उभी राहते.

म्हणून काही गोष्टी मी ऑनलाइन घेतच नाही: बदलणारा तीळ, केसगळतीची पहिली भेट, स्टिरॉइडचं मिश्र मलम लावून बिघडलेलं गजकर्ण आणि नव्याने आलेले काळे डाग. शेवटच्या प्रकारात वांग आहे की लायकेन प्लानस पिगमेंटोसस, हे फोटोवरून सांगायचा मोह होतो. तो आवरावा. रिसेप्शनिस्टला ही छोटी यादी तोंडपाठ हवी, म्हणजे पैसे भरण्याआधीच पेशंटला ‘यासाठी क्लिनिकला यावं लागेल’ असं सांगता येतं. पैसे घेऊन मग नाही म्हटलं की रिफंडची कटकट होते आणि नावही खराब होतं.

राहिलं काय? मुरमांचे फॉलो-अप, वांगाचे मेंटेनन्सचे फॉलो-अप, कोरड्या त्वचेचा एक्झिमा, रोझेशिया. एवढं पुष्कळ आहे. त्यातही सुरुवात फक्त मुरमांनी करा, कारण तिथे वेळापत्रक ठरलेलं असतं आणि बघायचं काय तेही माहीत असतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. बावीस वर्षांची मुलगी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. मध्यम स्वरूपाचे मुरूम, गालावर आणि हनुवटीवर. क्लिनिकमध्ये तपासलं, आधीच्या मलमांची खोदून चौकशी केली, मासिक पाळीचं विचारलं आणि रात्री लावायला अडापालीन ०.१ टक्के अधिक बेंझोइल पेरॉक्साइड २.५ टक्के असं जेल दिलं. परीक्षा झाली आणि ती लातूरला घरी गेली. तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओवर आली. पहिलंच वाक्य, ‘मॅडम, चेहरा जळतोय, औषध बंद करू का?’

आदल्या दिवशी तिने फोटो पाठवलेले होते. आमची पद्धत अशी: सकाळी, तोंड धुतल्यावर अर्ध्या तासाने, खिडकीकडे तोंड करून, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काढलेले तीन फोटो. एक समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो आम्ही परत पाठवतो. फोटोंत नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आणि ओठांचे कोपरे लाल झालेले आणि सोललेले होते, गालाचा मधला भाग मात्र बरा होता. ही जागाच बोलते. जिथे जेल साचतं तिथे लाली असेल, तर ते औषधाचं नेहमीचं इरिटेशन. पापण्या सुजल्या असत्या, खाज सहन होत नसती, लाली जेल लावलेल्या भागाच्या बाहेर पसरली असती, तर बेंझोइल पेरॉक्साइडची अ‍ॅलर्जी धरून औषध त्याच क्षणी थांबवायला लावलं असतं आणि जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं असतं.

मग मी तिला ट्यूब कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. पंधरा ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपत आली होती. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं जेल पुरतं, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. त्या हिशेबाने ट्यूब दोन महिने जायला हवी. तिने प्रत्येक गालाला एकेक वाटाणा लावला होता, तोही तोंड धुऊन लगेच, ओल्या चेहऱ्यावर. निदान झालं ते त्या चेपलेल्या ट्यूबवरून. उपाय सोपा होता: तीन दिवस फक्त मॉइश्चरायझर, मग एक दिवसाआड जेल, आधी मॉइश्चरायझर आणि वीस मिनिटांनी वर जेल, नाकाच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडून. सोबत हेही सांगितलं की मुरूम कमी झालेले दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि उशीचा अभ्रा पांढरा वापर, कारण हे औषध रंग उडवतं. तो कॉल झाला नसता तर तिने जेल फेकून दिलं असतं आणि ‘पुण्याच्या डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही’ असं लातूरभर सांगितलं असतं.

पेशंट पैसे देतो ते या तिसऱ्या आठवड्याच्या भेटीसाठी. म्हणून पहिल्या भेटीतच मी दोन तारखा लिहून देते: एक तिसऱ्या आठवड्याची, छोटी, आणि एक सहाव्या-सातव्या आठवड्याची, पूर्ण. ‘काही वाटलं तर फोन करा’ असं म्हटलं की पेशंट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तारीख आणि फी आधी सांगितली की कॉलवर येतो.

फी किती, हा प्रश्न वेळेवरून सोडवा. व्हिडिओ बारा मिनिटांचा असला तरी आधी फोटो बघायला चार-पाच मिनिटं आणि नंतर प्रिस्क्रिप्शन आणि नोंद करायला चार-पाच मिनिटं जातात. म्हणजे वीस-बावीस मिनिटं. क्लिनिकमधल्या फॉलो-अपला तुम्ही दहा मिनिटं देत असाल, तर ‘ऑनलाइन म्हणजे स्वस्त’ हे गणित तिथेच उलटं होतं. मी दोन्हीकडे एकच फी ठेवते. आणि फीमध्ये नंतरची विचारपूस किती, हे लेखी ठरवते: पुढच्या चौदा दिवसांत त्याच तक्रारीबद्दल एक मेसेज, उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. हा नियम नसेल तर तुमची सगळी कमाई रात्री साडेदहाच्या ‘डॉक्टर, एकच विचारायचं होतं’मध्ये विरघळते. जुन्या फुकट्या पेशंटना सरसकट नाही म्हणायची गरज नाही. रिसेप्शनकडून एक ठरलेला मेसेज जाऊ द्या: डॉक्टर मेसेजवर औषध बदलत नाहीत, उद्याची अमुक वेळ मोकळी आहे, फी इतकी. काही रागावतील. ते राहिले असते तरी पैसे देणार नव्हते.

प्रिस्क्रिप्शनवर नाव आणि नोंदणी क्रमांक, पेशंटचं नाव, वय आणि पत्ता, आणि फीची पावती हे सगळं क्लिनिकसारखंच. पेशंट अठराच्या आतला असेल तर कॉलवर मोठं माणूस हवं. फोटो डॉक्टरच्या स्वतःच्या फोनच्या गॅलरीत ठेवू नका. क्लिनिकचा वेगळा नंबर आणि वेगळं उपकरण ठेवा, आणि ‘हे फोटो फक्त उपचारासाठी’ अशी संमती एकदा लिहून घ्या. इन्स्टाग्रामवर आधी-नंतरचे फोटो टाकायचा विचार असेल तर ती संमती यात धरू नका. शिवाय जाहिरातीचे नियम आपल्याला लागू आहेत ते वेगळंच.

आता किट. त्यात काय घालायचं, यापेक्षा काय घालायचं नाही हे आधी ठरवा. प्रिस्क्रिप्शनचं औषध घालायचं नाही. आपल्या पेशंटला औषध देण्याची मुभा डॉक्टरला आहे हे खरं, पण ती खुलं दुकान न चालवण्याच्या अटीवर. गावोगावी कुरिअरने शेड्यूल एचची मलमं पाठवणं त्या मुभेत कितपत बसतं, हा वाद अंगावर घ्यायचं काही कारण नाही. अडापालीनची चिठ्ठी द्या, पेशंट लातूरच्या केमिस्टकडून घेईल. किटमध्ये राहतात तीन वस्तू: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन.

तीनच का? कंपन्यांचे प्रतिनिधी तुम्हाला नायसिनमाइडचं सीरम, व्हिटॅमिन सी, टोनर असं सगळं भरायला सांगतील. पण रेटिनॉइड नुकतं सुरू केलेल्या चेहऱ्यावर सहा गोष्टी लावल्या आणि आग झाली, तर दोष कुणाचा हे तुम्हाला व्हिडिओवर कधीच कळणार नाही. तीन वस्तू असतील तर एकेक बंद करून बघता येतं. शिवाय व्हिटॅमिन सीचं सीरम एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापलं की पिवळं पडून पोहोचतं आणि तक्रार तुमच्याकडे येते.

किटचं माप मात्र विचार करून ठरवा, कारण किटचा खरा उपयोग तिथे आहे. चेहरा आणि पुढची मान यांना सनस्क्रीन दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेषांएवढं लागतं, म्हणजे सुमारे एक ग्रॅम किंवा किंचित जास्त. रोज सकाळी एकदाच लावलं तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब सहा-सात आठवड्यांत संपते. मॉइश्चरायझर दोन्ही वेळा मिळून दोन ग्रॅम धरलं तर शंभर ग्रॅम सात आठवडे जातं. शंभर मिलिलिटर फेसवॉशही साधारण तेवढेच दिवस पुरतं. म्हणजे तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी संपतात, आणि तेव्हाच तुमचा दुसरा फॉलो-अप असतो. मी किटला सहा आठवड्यांचंच म्हणते. ‘तीन महिन्यांचं किट’ म्हणून एकच सनस्क्रीन घालणारे पुष्कळ आहेत, पण ते सनस्क्रीन तीन महिने पुरलं असेल तर पेशंट जेमतेम निम्मं लावतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून दुसऱ्या कॉलला मी तिन्ही डबे कॅमेऱ्यासमोर मागते. लातूरच्या मुलीचं फेसवॉश संपलं होतं आणि सनस्क्रीन अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. ‘घरातच असते मॅडम, कशाला लावू?’ मुरमांचे जुने काळे डाग का जात नाहीत याचं उत्तर त्यातच होतं. ती गच्चीवर अभ्यासाला बसायची. पेशंटने आपल्या मनाने दहा ठिकाणांहून दहा गोष्टी घेतल्या असत्या तर ही तपासणी जमली नसती.

दोन प्रकार पुरे: तेलकट त्वचेसाठी जेलचं आणि कोरड्या त्वचेसाठी क्रीमचं. थंडीत दुसरं जास्त जातं, पावसाळ्यात पहिलं. प्रत्येकी आठ-दहाच ठेवा आणि स्टॉकिस्टकडून घेताना वर्षभराहून जास्त मुदत शिल्लक असलेलाच माल घ्या. मूळ पॅक तसंच पाठवायचं. मोठ्या जारमधून छोट्या बाटल्यांत काढून त्यावर क्लिनिकचं लेबल लावायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. विक्रीसाठी असं फोडून, भरून लेबल लावणं हे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात ‘उत्पादन’ धरलं जाऊ शकतं आणि उत्पादनाला परवाना लागतो. तयार कॉस्मेटिक मूळ पॅकमध्ये विकायला तसा परवाना लागत नाही. प्रत्येक वस्तू तिच्या छापील एमआरपीला किंवा त्याहून कमी किमतीला, बिलावर तीन वेगळ्या ओळी. ‘डॉक्टरांचं खास किट’ म्हणून तिन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त किंमत लावता येत नाही.

हिशेब करून बघू. आकडे उदाहरणादाखल घेते, तुमच्या स्टॉकिस्टचे घालून परत मांडा. समजा फेसवॉश ३००, मॉइश्चरायझर ५००, सनस्क्रीन ७००, एकूण एमआरपी १,५०० रुपये. तुम्हाला २५ टक्के मार्जिन मिळालं तर खरेदी १,१२५ आणि फरक ३७५. तुमची जीएसटी नोंदणी आहे आणि वस्तूंवर १८ टक्के कर आहे असं धरलं, तर विक्रीवरच्या करातून खरेदीवरचा वजा जाऊन सुमारे ५७ रुपये भरावे लागतात. उरले ३१८. खोका आणि बबल रॅप ३५, कुरिअर ९०, ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क सुमारे ३५. उरले १५८. गळकी ट्यूब, चुकीचा पत्ता, मुदत संपत आलेला माल यासाठी ५० बाजूला काढा. हातात शंभर-सव्वाशे रुपये राहतात, आणि पॅक करणाऱ्या मुलीचा वेळ यात धरलेलाच नाही. कुरिअर वेगळं लावलं तर दोनशेच्या आसपास. तेच ६०० रुपयांच्या फॉलो-अपमधून पैसे घेण्याचं शुल्क जाऊन साडेपाचशेच्या वर राहतात. महिन्याला चाळीस किटं म्हणजे चार-पाच हजार, चाळीस फॉलो-अप म्हणजे तेवीस हजार. पण किट घेतलेला पेशंट दुसऱ्या फॉलो-अपला जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे. माझ्या लेखी किटची किंमत ती.

आणि आता १,९९९ च्या पॅकेजचं. डॉक्टरच्या वैद्यकीय सल्ल्यावर जीएसटी नाही, कॉस्मेटिकवर आहे. दोन्ही एका किमतीत बांधले, तर कर खातं त्याला मिश्र पुरवठा मानण्याची दाट शक्यता असते, आणि मिश्र पुरवठ्यात सगळ्या रकमेवर त्यातला सर्वांत जास्त दर लागतो. म्हणजे किटचे १,५०० वजा जाता तुमची जी ५०० रुपयांची फी करमुक्त होती, तिच्यातूनही ७६ रुपये कर म्हणून जाणार. वेगळं बिल केलं की हा प्रश्नच येत नाही. निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रक्रियांचा कर वेगळा असतो, त्या यात मिसळू नका.

दुसरा सापळा जीएसटी नोंदणीचा. आज तुम्ही फक्त करमुक्त सेवा देत असाल तर जमा कितीही असली तरी नोंदणी लागत नाही. पण पहिलं करपात्र किट विकलंत की मर्यादा मोजताना तुमची करमुक्त फीसुद्धा एकूण उलाढालीत धरली जाते. सेवा आणि माल दोन्ही असणाऱ्याला महाराष्ट्रात ही मर्यादा २० लाखांची आहे. क्लिनिकची जमा २२ लाख आणि किटची विक्री चाळीस हजार, तरी नोंदणी लागते. ‘माल विकणाऱ्याला ४० लाख’ हे तुम्ही ऐकलं असेल, ते फक्त माल विकणाऱ्यासाठी. तिसरी गोष्ट पुणेकर डॉक्टरांना हमखास अडवते: आपले पेशंट बंगळुरू-हैदराबादला बदली होऊन जातात. राज्याबाहेर करपात्र माल पाठवला की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची होते. म्हणून नोंदणी होईपर्यंत किट महाराष्ट्रातच. बंगळुरूच्या पेशंटला वस्तूंची यादी द्या, त्याला तिथे सगळं मिळतं.

यादीवरून आठवलं. प्रत्येक किटच्या आधी पेशंटला वस्तूंची नावं लिहून द्यायची आणि ‘बाहेर कुठेही घ्या, इथूनच घ्यायला हवं असं नाही’ हे लिहूनच सांगायचं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने आपल्या पेशंटला औषध पुरवणं गैर नाही, पेशंटची पिळवणूक गैर आहे. पण कमिशन आणि रिबेट घेणं त्यात स्पष्टपणे गैर मानलं आहे. ऑनलाइन ब्रँड तुमच्या नावाचा डिस्काउंट कोड काढून देतात आणि विक्रीमागे टक्केवारी देतात, ती मी याच प्रकारात धरते, आणि घेत नाही. घरात पन्नास-साठ रुपयांचं साधं ग्लिसरीनचं मॉइश्चरायझर चांगलं चालत असेल तर मी किटमधून ती वस्तू काढून दोनच पाठवते. असं एकदा केलंत की पेशंटची आईसुद्धा तुमचं ऐकायला लागते.

सुरुवात कशी करावी? पहिले दोन-तीन महिने किट नकोच. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड तास ऑनलाइनसाठी बांधून ठेवा, गेल्या सहा महिन्यांत क्लिनिकमध्ये पाहिलेल्या मुरमांच्या पेशंटपैकी पुण्याबाहेर गेलेले कोण आहेत ते रिसेप्शनकडून काढून घ्या आणि त्यांच्या पुढच्या तारखा तिथे लावा. पैसे आधी, वेळ नंतर. प्रत्येक कॉलनंतर दोन गोष्टी नोंदवा: एकूण किती मिनिटं गेली आणि पुढच्या चौदा दिवसांत किती मेसेज आले. बावीस मिनिटं पस्तीस होत असतील तर फी वाढवण्याआधी फोटोंची पद्धत सुधारा, कारण बहुतेक वेळ ‘जरा उजेडात या, फोन सरळ धरा’ यातच जातो. दिवस भरत आले आणि पेशंट स्वतःहून ‘सनस्क्रीन नेमकं कोणतं घेऊ’ विचारायला लागले की मग आठ-दहा किटं मागवा.

त्याआधी सीएंना तीन प्रश्न विचारून ठेवा: माझी एकूण उलाढाल करमुक्त फी धरून किती होते, पहिलं किट विकण्याआधी नोंदणी करावी का, आणि किटच्या विक्रीचा नफा आयकरात माझ्या व्यावसायिक उत्पन्नापासून वेगळा दाखवावा लागेल का. वैद्यकीय व्यवसायाची अनुमानित कराची सवलत तुम्ही घेत असाल तर तिसरा प्रश्न विसरू नका. माल विकणं हा तिथे वेगळा धंदा धरला जातो आणि त्याचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत असलेले बरे.